नॉकआउट प्रश्न (नोकरभरती)

नोकरभरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे एटीएसमध्ये, अर्ज भरताना विचारला जाणारा असा प्रश्न, ज्याचे ठरावीक उत्तर आले की अर्ज आपोआप बाद होतो. बायोडेटा कोणी उघडतही नाही. उत्तर बहुधा हो-नाही, यादीतली निवड किंवा एखादा आकडा असते. कोणत्या उत्तराला बाद करायचे हे भरती करणारा आधीच ठरवून ठेवतो.

या प्रश्नाची खरी जागा अगदी थोडी आहे. बॉयलर अटेंडंटकडे सक्षमता प्रमाणपत्र नसेल किंवा ट्रकचालकाकडे अवजड वाहनाचा परवाना नसेल, तर कायद्यानेच त्याला कामावर उभे करता येत नाही. तिथे नॉकआउट योग्य. बाकी बहुतेक अटी शिकून घेता येतात, बोलून सुटतात किंवा कामाशी त्यांचा संबंधच नसतो. चांगली माणसे हातची जातात ती याच अटींत.

कोल्हापूर परिसरातले उदाहरण घेऊ. समजा, कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपला व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारे संगणकीय मशीन, चालवणारा ऑपरेटर हवा आहे. एचआरने चार प्रश्न लावले: कोल्हापुरात राहता का? आयटीआय मशिनिस्ट आहात का? अनुभव किती वर्षे (किमान 3)? नोटीस पिरियड 30 दिवसांच्या आत आहे का? एक मुलगा अर्ज करतो. राहतो निपाणीत, आयटीआय टर्नर ट्रेडमधून केलेला, व्हीएमसीवर 2 वर्षे 10 महिने काम, स्वतः ऑफसेट घेऊन, म्हणजे कापायच्या तुकड्याची जागा मशीनला नेमून देऊन, जॉब सेट करतो, नोटीस दोन महिन्यांची. हा चारही प्रश्नांत बाद.

आता एकेक प्रश्न पाहू. निपाणी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात असली तरी त्याच महामार्गावर कागलच्या थोडी पुढे आहे. कारखान्याला हवे आहे ते वेळेवर येणे, पत्ता नव्हे. म्हणून प्रश्न असा हवा: ‘सकाळी 7 च्या पाळीला कागल एमआयडीसीत पोहोचणे जमेल का?’ ट्रेडसाठी मशिनिस्ट, टर्नर, टूल अँड डाय मेकर, मेकॅनिकल डिप्लोमा अशी यादी द्यावी आणि शेवटी ‘इतर’ ठेवावे. ‘इतर’ निवडणाऱ्याला बाद न करता त्याचा अर्ज माणसाच्या नजरेखाली जाऊ द्यावा. अनुभवासाठी आकडा भरायला लावला की 2 वर्षे 10 महिन्यांचा माणूस 2 लिहितो. काही ठिकाणी ‘साडेतीन’ किंवा देवनागरी ‘३’ लिहिले तर सॉफ्टवेअरला ते कळतही नाही. त्याऐवजी ‘1 वर्षाहून कमी, 1 ते 2, 2 ते 3, 3 हून जास्त’ असे टप्पे द्यावेत आणि फक्त पहिलाच टप्पा बाद करावा. नोटीस पिरियड विचारावा, पण नॉकआउट लावू नये. मुलाखतीत तो बऱ्याचदा कमी होतो.

‘व्हीएमसी चांगली येते का?’ हा प्रश्न तर उलटाच चालतो. नुसता जॉब लावून सायकल स्टार्ट दाबणारा बिनदिक्कत ‘हो’ म्हणतो आणि जाणता माणूस अडखळतो. ‘वर्क ऑफसेट स्वतः घेता का?’ असे विचारले तर उत्तरात फुशारकीला फारशी जागा उरत नाही.

मराठी फॉर्ममध्ये आणखी एक सापळा आहे. ‘रात्रपाळीला काही हरकत नाही ना?’ या प्रश्नावर आपल्याकडचा माणूस ‘नाही’ म्हणतो, म्हणजे हरकत नाही, तयार आहे. सॉफ्टवेअर मात्र ‘नाही’ला नकार समजते. तोंडी विचारताना हे वाक्य अगदी स्वाभाविक असते, फॉर्मवर मात्र ते घातक. ‘रात्रपाळीत काम कराल का?’ एवढेच पुरे.

प्रश्न चुकला आहे हे ओळखायचे कसे? आपल्याच शॉपमधल्या सर्वांत चांगल्या ऑपरेटरची भरतीच्या वेळची माहिती घालून चाचणी अर्ज भरावा. तो बाद झाला तर दोष प्रश्नाचा. पहिले दोन आठवडे आपोआप नकार बंद ठेवून फक्त खूण होऊ द्यावी आणि खूण झालेले वीसेक अर्ज उघडून वाचावेत. कोणत्या प्रश्नाने किती जण गेले हेही वेगळे पाहावे. एकाच प्रश्नावर निम्मे अर्जदार गळत असतील तर आधी त्याची भाषा तपासावी. नकाराचा ईमेल दोन-तीन दिवस उशिरा जाईल असे ठेवले तर चूक सापडल्यावर अर्ज परत घेता येतो. नुसता प्रश्न दुरुस्त केल्याने आधी बाद झालेले अर्ज आपोआप परत येतील असे धरून चालू नये. ते हाताने शोधून पुढे सरकवावेत.

दोनदा अर्ज भरून अशी चाचणी अर्जदारही घेऊ शकतो. आयट्यूटरग्रुप या शिकवणी कंपनीचे सॉफ्टवेअर 55 व त्यापुढच्या स्त्रिया आणि 60 व त्यापुढचे पुरुष आपोआप बाद करते, असा आरोप अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाने 2022 मध्ये केला. तोच अर्ज फक्त जन्मतारीख बदलून पुन्हा भरल्यावर एका अर्जदाराला मुलाखतीचे बोलावणे आले होते. 2023 मध्ये कंपनीने 3,65,000 डॉलर देऊन तडजोड केली.