स्मिथ नॉर्मल फॉर्म: संबंधांच्या मॅट्रिक्सवरून आबेली गट ओळखणे

काही जनक आणि त्यांच्यातले काही संबंध देऊन आबेली गट सांगितला, तर तो नेमका कोणता गट आहे हे ठरवण्याची ही रीत आहे. संबंधांचे सहगुणक पूर्णांकांच्या मॅट्रिक्समध्ये मांडायचे, ठरावीक क्रिया करून ते मॅट्रिक्स कर्णरूपात आणायचे, आणि कर्णावरच्या संख्यांवरून गट वाचायचा. ऑक्सफर्डचे गणिती हेन्री जॉन स्टीफन स्मिथ यांनी हे रूप १८६१ मध्ये मांडले. त्यांच्यासमोरचा प्रश्न मात्र गटांचा नव्हता, तर रेषीय समीकरणांची पूर्णांकी उत्तरे शोधण्याचा होता.

a, b, c हे तीन जनक घेऊ. गटाची क्रिया बेरजेने लिहू आणि दोन संबंध धरू:

4a + 6b + 10c = 0
6a + 12b + 18c = 0

प्रत्येक संबंधाची एक ओळ आणि प्रत्येक जनकाचा एक स्तंभ:

```
4   6  10
6  12  18
```

इथे तीनच प्रकारच्या क्रिया चालतात. दोन ओळींची (किंवा दोन स्तंभांची) अदलाबदल करता येते, एखाद्या ओळीचे किंवा स्तंभाचे चिन्ह बदलता येते, आणि एका ओळीची पूर्णांकी पट दुसऱ्या ओळीत मिळवता येते. स्तंभांनाही तेच लागू. ओळीला दोनाने भागणे मात्र चालत नाही. कॉलेजात परिमेय संख्यांवर गाउसची रीत घोटलेली असते, त्यामुळे सवयीने हात नेमका तिथेच जातो.

दुसऱ्या ओळीतून पहिली वजा केली की 2, 6, 8 मिळते. ही लहान ओळ वर घेऊन तिची दुप्पट खालच्या ओळीतून वजा करू:

```
2   6   8
0  -6  -6
```

आता पहिल्या स्तंभाची तिप्पट दुसऱ्यातून आणि चौपट तिसऱ्यातून वजा केली की वरच्या ओळीत दोनाशिवाय काही उरत नाही. मग तिसऱ्या स्तंभातून दुसरा वजा करायचा आणि खालच्या ओळीचे चिन्ह बदलायचे:

```
2  0  0
0  6  0
```

गट वाचून झाला. एक जनक दोन वेळा मिळवला की शून्य होतो, दुसरा सहा वेळा मिळवला की शून्य होतो, आणि तिसऱ्या स्तंभात संबंधच नसल्यामुळे तो जनक मोकळा आहे. म्हणजे हा गट Z/2 ⊕ Z/6 ⊕ Z. आकडे एवढे सोयीचे नसते, तरी पद्धत हीच राहिली असती. लहान संख्येने मोठीला भागायचे, बाकी वर आणायची, पुन्हा भागायचे. मसावि काढण्याची युक्लिडची रीतच इथे ओळी आणि स्तंभ दोन्हींवर चालते.

या क्रियांचा गटाच्या भाषेत अर्थ काय? ओळींवरची क्रिया संबंधांची फेरमांडणी करते; जुन्या संबंधांतून नवे निघतात आणि नव्यांतून जुने परत मिळतात. स्तंभांवरची क्रिया जनक बदलते, आणि इथे दिशा उलटी लागते. a च्या स्तंभाची तिप्पट b च्या स्तंभातून वजा केली, तर बदलतो तो b नव्हे, a. त्याच्या जागी a + 3b येतो, कारण xa + yb = x(a + 3b) + (y − 3x)b. वरच्या उदाहरणात शेवटी उरलेले जनक a′ = a + 3b + 4c, b′ = b + c आणि c असे आहेत. ताळा घेऊ: 4a′ − 6b′ उलगडले की 4a + 6b + 10c, म्हणजे आपला पहिलाच संबंध. 6a′ − 6b′ उलगडले की दुसरा. हा ताळा दोन मिनिटांचा असतो आणि दिशेची चूक त्यात लगेच सापडते.

भागायला बंदी का, हेही याच उदाहरणात दिसते. कोणी पहिली ओळ दोनाने आणि दुसरी सहाने भागली, तर 2, 3, 5 आणि 1, 2, 3 अशा ओळी उरतात, आणि त्यांच्यापासून मिळणारा गट नुसता Z. दोन आणि सहा दोन्ही गायब. 6(a + 2b + 3c) = 0 यावरून a + 2b + 3c = 0 निघत नाही, कारण सहा वेळा मिळवून शून्य होणारा, पण स्वतः शून्य नसलेला घटक गटात असू शकतो. परिमेय संख्यांवर काम केले तर किती जनक मोकळे आहेत एवढेच कळते.

उत्तर तपासायला आणखी एक स्वतंत्र वाट आहे. मूळ मॅट्रिक्समधल्या सगळ्या संख्यांचा मसावि २ येतो. दोन-दोन स्तंभ घेऊन काढलेले निश्चयक १२, १२ आणि −१२ येतात, त्यांचा मसावि १२. पहिला कर्णघटक २, दुसरा १२ ÷ २ = ६. वरच्या क्रियांनी हे मसावि बदलत नाहीत, म्हणूनच कोणत्याही वाटेने गेले तरी कर्ण तोच येतो. मॅट्रिक्स चौरस असेल आणि निश्चयक शून्य नसेल, तर त्याचे निरपेक्ष मूल्य म्हणजे गटातल्या घटकांची संख्या.

एक बारकावा. गट ओळखायला कर्णरूप पुरते, पण स्मिथचे रूप म्हणायला प्रत्येक कर्णघटकाने पुढच्याला निःशेष भागले पाहिजे. कर्णावर ४ आणि ६ आले तर ते अजून स्मिथचे रूप नव्हे. दुसरी ओळ पहिलीत मिळवून पुन्हा कामाला लागले की २ आणि १२ मिळतात. गट तोच आहे, पण ही अट पाळली नाही तर दोघांनी काढलेली बरोबर उत्तरे समोरासमोर ठेवल्यावर वेगळी दिसतात.

हे रूप सर्वांत जास्त कामाला येते ते टोपॉलॉजीत. क्लाइन बाटलीच्या पहिल्या होमॉलॉजी गटाला दोन जनक आणि 2b = 0 हा एकच संबंध असतो. मॅट्रिक्स 0, 2 एवढेच, गट Z ⊕ Z/2. ज्यांना पूर्वी पृष्ठभागाचे टॉर्शन सहगुणक म्हणत, ते एकापेक्षा मोठे कर्णघटकच. मोठ्या त्रिकोणीकरणात मात्र हजारो ओळी येतात आणि खरी अडचण तिथे सुरू होते. सुरुवातीला 0, 1, −1 एवढेच आकडे असले, तरी मधल्या पायऱ्यांत ते शेकडो अंकी होऊ शकतात, शेवटचा कर्ण कितीही साधा असला तरी. आकड्यांची वाढ आटोक्यात ठेवून बहुपदी वेळात चालणारी रीत रवींद्रन कन्नन आणि आखिम बाखेम यांनी १९७९ मध्ये दिली. निश्चयक आधीच माहीत असेल, तर सगळे काम त्याच्या मापांकाने करून आकडे लहान ठेवता येतात.

सेज वापरणाऱ्यांसाठी:

```
A = matrix(ZZ, [[4, 6, 10], [6, 12, 18]])
D, U, V = A.smith_form()
```

यात D = U·A·V. इथे `ZZ` ऐवजी `QQ` लिहिले, तर वर सांगितलेली भागाकाराची चूक संगणकही बिनतक्रार करतो. जनक हवे असतील तर V च्या व्यस्ताच्या ओळी पाहाव्यात, V च्या नव्हे. U आणि V एकमेव नसतात, म्हणून दुसऱ्या प्रणालीने वेगळे जनक दिले तर घाबरायचे कारण नाही. D मात्र जुळलाच पाहिजे.