चुकलेला अंदाज आणि टाळलेले काम

लघुप्रबंधाचे प्रकरण ठरलेल्या तारखेला मार्गदर्शकांच्या हाती पडले नाही, की ‘याला वेळेचे नियोजन जमत नाही’ असा निष्कर्ष काढून सगळे मोकळे होतात. मात्र बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या या उशिरामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. कधी कामाला किती दिवस लागतील हा अंदाजच चुकलेला असतो. कधी अंदाज बरोबर असतो, मोकळा वेळही असतो, पण काम समोर घेतले की मनात जे दाटून येते ते सोसवत नाही, म्हणून काम बाजूला सारले जाते. चालढकल हे नाव या दुसऱ्या गोष्टीलाच शोभते.

अंदाजाची चूक मनापासून काम करणाऱ्याकडूनही होते. बुलर, ग्रिफिन आणि रॉस यांच्या १९९४ सालच्या अभ्यासात पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपले काम सरासरी सुमारे ३४ दिवसांत संपेल असे सांगितले होते. प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले. त्यांपैकी काहींनी टाळाटाळही केली असेल, पण आपल्याला किती वेळ लागतो हेच त्यांना नीट ठाऊक नव्हते, एवढे या आकड्यांवरून दिसते. अशा माणसाला वेळापत्रकाचा खरोखर उपयोग होतो. मागच्या प्रकरणाला किती दिवस लागले होते हे पाहून त्याने पुढची तारीख ठरवली, की चूक बरीच कमी होते.

आता दुसरी बाजू. समजा, एका विद्यार्थिनीला मार्गदर्शकांनी शेरे मारलेले प्रकरण परत दिले आहे. दुरुस्तीला तीन दिवस पुरतील हा तिचा हिशेब योग्य आहे आणि हाताशी दहा दिवस आहेत. ती फाइल उघडते, ‘युक्तिवाद स्पष्ट नाही’ हा पहिलाच शेरा वाचते, आणि आपल्याला हे कधीच जमणार नाही या विचाराने तिच्या पोटात गोळा येतो. ती फाइल मिटते आणि संदर्भसूची नीटनेटकी करायला घेते. त्याच क्षणी तिला हायसे वाटते. हे हायसे वाटणेच टाळण्याचे बक्षीस ठरते, आणि उद्या फाइल उघडताना तीच पळवाट अधिक जवळची वाटते. शिवाय उद्याच्या भीतीत आजचा दिवस वाया घालवल्याची लाजही मिसळलेली असते. ती आळशी नाही, हे इथे मुद्दाम सांगायला हवे; संदर्भसूचीवर तिने चार तास घाम गाळलेला आहे.

हा केवळ तर्क नाही. टाइस, ब्रात्स्लाव्स्की आणि बाउमाइस्टर यांच्या २००१ सालच्या एका प्रयोगात, परीक्षेपूर्वी सराव करायचा असलेल्या काही जणांना आधी खिन्न केले गेले. समोर मन रमवणाऱ्या वस्तू असल्या की हे लोक सराव सोडून तिकडे वळत. पण आपली मनःस्थिती काही काळ बदलूच शकत नाही असे ज्यांना पटवून दिले होते, त्यांच्यात ही ओढ दिसली नाही. टाळून बरे वाटणारच नसेल तर टाळण्यात अर्थ उरत नाही. मला हा पुरावा सर्वांत बोलका वाटतो, कारण सरावाचा वेळ सर्वांना सारखाच होता.

स्वतःच्या बाबतीत यांतले काय घडते आहे हे ओळखायचे, तर काम पुढे ढकलल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांकडे पाहावे. अंदाज चुकलेल्याला काम अर्ध्यावर आल्यावर तारखेची धास्ती वाटते; टाळणाऱ्याला न करण्याच्या निर्णयासरशी सुटल्यासारखे वाटते. मुदत वाढवून मिळाली तर पहिला ती वापरून काम संपवतो, दुसऱ्याचे टाळणेच तितके लांबते. म्हणूनच त्या विद्यार्थिनीला नवे वेळापत्रक देऊन फारसे साधणार नाही. रंगीत पेनांनी ते आखण्यात तिची एक संध्याकाळ छान जाईल, एवढेच. त्याऐवजी तिने सर्वांत कमी बोचणारा एखादा शेरा निवडून त्यावर एकच वाक्य लिहावे, म्हणजे भावना असह्य होण्याआधी कामाला हात लागतो.

स्वतःला बोल लावण्याचा उपायही इथे उलटण्याची शक्यता अधिक, कारण त्याने टाळण्याजोगी आणखी एक भावना तयार होते. वोल, पिचिल आणि बेनेट यांनी २०१० साली पदवीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले होते, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी ती कमी केली. अर्थात हा संबंध आहे, कार्यकारणाचा पक्का पुरावा नव्हे. महिनोन्महिने कशालाच हात लावावासा वाटत नसेल, तर त्यामागे नैराश्य किंवा अवधानाची अडचण असू शकते, आणि तेव्हा विचार चालढकलीचा न करता त्या आजाराचा करून डॉक्टरांना भेटणे योग्य ठरते.