आठ मेणबत्त्या आणि अठरा वर्षं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जुन्या माणसांना वाढदिवस विचारा, निम्मे तरी '१ जून' सांगतील. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि दाखल करून घेताना गुरुजी तीच तारीख ठोकून द्यायचे. आता गुरुजींची जागा मोबाईल दुकानदारानं घेतली आहे.

निपाणीच्या माझ्या भाच्याचा जन्म ५ नोव्हेंबर २०१४ चा. जून २०२२ मध्ये दुकानदारानं त्याचं गूगल खातं उघडताना साल घातलं २००४, म्हणजे "मधे काही अडायला नको". सात वर्षांचं पोर खात्यात सतरा वर्षांचं झालं. पाच महिन्यांनी घरी केकवर आठ मेणबत्त्या लागल्या, तेव्हा सर्व्हरच्या हिशेबात तो सज्ञान झाला होता.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. खात्यात वय साठवलेलं नसतं, जन्मतारीख असते. वय दर वेळी आजच्या तारखेवरून नव्यानं काढलं जातं आणि ते १३ च्या अलीकडे आहे की १८ च्या पलीकडे, यावरून कोणत्या सोयींना कुलूप लावायचं ते ठरतं. त्यामुळे चुकीची तारीख ही एकदाच होऊन गेलेली चूक राहत नाही. पुढचं प्रत्येक कुलूप ती चुकीच्या दिवशी उघडते.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये ताईनं Personal info मध्ये जाऊन Birthday दुरुस्त केली. खात्यातला वीस वर्षांचा तरुण एका क्षणात दहा वर्षांचा झाला. लगेच सूचना आली: चौदा दिवसांच्या आत पालकांची देखरेख जोडा, नाहीतर खातं बंद होईल. भाचा रडवेला होऊन फोनवर, "मामा, माझा गेम जाणार बघा!" ताईनं आपल्या खात्यावरून Family Link ही गूगलची देखरेखीची सोय जोडली आणि गेम वाचला. आता नवा गेम उतरवायचा तर आईची परवानगी लागते.

वय कमी करणं इतकं सोपं आणि वाढवणं इतकं अवघड का? वाढवायला ओळखपत्र किंवा क्रेडिट कार्ड मागतात. याचं मूळ अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात आहे. खेळणारा तेराच्या आतला आहे हे कंपनीला एकदा कळलं, की पालकांच्या संमतीशिवाय त्याची माहिती गोळा करता येत नाही. म्हणून 'मी लहान आहे' हे विधान लगेच मानलं जातं, आणि 'मी मोठा आहे' याला पुरावा लागतो. वय विचारणाऱ्या पानावर मागे जाऊन दुसरं साल घालता येऊ नये, अशी सोयही याचसाठी करतात. तेव्हा "पाचशे रुपयांत वय वाढवून देतो" म्हणणाऱ्याला ओटीपी सांगू नका, खातं त्याचं होईल.

आता माझा आवडता भाग. गूगलची तारीख सुधारली म्हणून गेमची सुधारत नाही. बऱ्याच गेमचं स्वतःचं वेगळं खातं असतं आणि तिथं तारखेची दुसरी प्रत असते. ताईनं तिथं 05/11 टाकलं. पान अमेरिकन पद्धतीचं, आधी महिना. तारीख झाली ११ मे. चूक दाखवणारी लाल ओळ आली नाही, कारण ११ मे हीसुद्धा खरीच तारीख आहे.

दिवस तेरा किंवा पुढचा असता तर पान अडलं असतं, तेरावा महिना नसतो. वर्षात दिवस बारापर्यंतचा असलेल्या १४४ तारखा असतात. त्यातल्या १/१, २/२ अशा बारा उलटल्या तरी त्याच राहतात. उरलेल्या १३२ तारखा गुपचूप बदलतात. म्हणजे तीनातल्या एकाहून जास्त मुलांना हा धोका. गुरुजींची १ जून तर थेट ६ जानेवारी होते! म्हणून तारीख जतन केल्यावर महिना अक्षरांत दाखवला जातो का ते पाहावं, आणि पाहावं ते जन्मदाखल्याशेजारी ठेवून.

भाच्याच्या बाबतीत फरक १७८ दिवसांचा होता. गेमनं त्याला ११ मे २०२७ लाच तेरा वर्षांचा मानलं असतं. एपिक गेम्सच्या खात्यात असं झालं तर तेराच्या आतल्यांसाठी पालकांच्या संमतीपर्यंत बंद असणारा व्हॉइस चॅट आणि खऱ्या पैशांची खरेदी सहा महिने आधीच मोकळी होऊ शकते.

खरी तारीख असेल तर पुढचा क्रम असा चालतो. ५ नोव्हेंबर २०२७ ला गूगलच्या हिशेबात तेरा पूर्ण होतील. त्याआधी ताईला ईमेल येईल, पण देखरेख आपोआप उठणार नाही. आवडीनिवडी पाहून जाहिराती दाखवणं गूगल अठरापर्यंत बंदच ठेवतं. आपल्या देशाच्या २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यातही मूल म्हणजे अठराच्या आतलं, तेराच्या नव्हे. ते शेवटचं कुलूप भाच्यासाठी ५ नोव्हेंबर २०३२ ला उघडेल. दुकानदाराच्या हिशेबात ते आठव्या वाढदिवशीच उघडलं होतं.