टक्केवारीच्या पलीकडचे वाङ्मयचौर्य

जुलै २०१८ च्या अखेरीस उच्च शिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेचे वाङ्मयचौर्यविषयक विनियम राजपत्रात प्रसिद्ध झाले. त्यानंतर मराठवाड्यातील संशोधन केंद्रांत प्रबंध दाखल करण्याच्या सुमारास ‘रिपोर्ट किती आला?’, म्हणजे संगणकाने प्रबंधाचे आधीच्या लेखनाशी किती टक्के साम्य दाखवले, हा प्रश्न रुजला आणि अजून टिकून आहे. विनियमांनी दंडाची पायरी साम्याच्या टक्केवारीशी जोडली. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यायचा, चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येणार नाही, आणि साठच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. याच विनियमांतील व्याख्या मात्र टक्क्यांविषयी काहीच बोलत नाही. दुसऱ्याचे काम किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून पुढे करणे म्हणजे वाङ्मयचौर्य, असे ती सांगते. व्याख्येत कल्पना आहे, पण मोजणी फक्त शब्दांची होते. व्याख्येत ‘दुसऱ्याचे’ असा शब्द आहे, पण स्वतःच्याच जुन्या लेखनाचे काय, यावर ती गप्प आहे. त्यानंतरचा बहुतेक गोंधळ याच दोन फटींतून आला.

शब्द बदलून अर्थ उचलण्याची ओळख आपल्याकडे फार जुनी आहे. दहाव्या शतकाच्या आसपासच्या संस्कृत काव्यशास्त्रात शब्दहरण आणि अर्थहरण असे दोन वेगळे प्रकार मानलेले आहेत. अर्थ सगळा तोच ठेवून केवळ वाक्यरचना निराळी करणे याला ‘प्रतिबिंबकल्प’ म्हटले आहे, तर थोडा संस्कार करून तीच वस्तू वेगळी भासवणे याला ‘आलेख्यप्रख्य’. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील एका लेखन-अध्यापिकेने ‘पॅचरायटिंग’ हा शब्द रूढ केला. मूळ मजकुरातले काही शब्द गाळायचे, काहींच्या जागी प्रतिशब्द घालायचे, व्याकरण थोडे फिरवायचे आणि मूळ वाक्याचा सांगाडा तसाच ठेवायचा, असा त्याचा अर्थ. मराठीत त्याला ठिगळ-लेखन म्हणता येईल. त्या अध्यापिकेचा आग्रह असा होता की विद्यार्थी हे बहुधा चोरीसाठी करत नाही, तर न पचलेला मजकूर समजून घेण्याच्या धडपडीत करतो. हे म्हणणे मला मान्य आहे. पण ते पदवीच्या विद्यार्थ्याला लागू आहे, पीएच.डी.च्या प्रबंधाला नाही.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांवरचा एक काल्पनिक उतारा घेऊ. मूळ लेखकाने लिहिले आहे: ‘मजुरांची नोंद पती-पत्नीच्या जोडीने होते. या जोडीला कोयता म्हणतात आणि हंगामापूर्वी मुकादम तिला उचल देतो. उचल फिटेपर्यंत जोडी मुकादमाला बांधलेली असल्याने तिची मजुरी ही कामाचे दाम न राहता कर्जाची परतफेड ठरते.’ प्रबंधात ते असे येते: ‘ऊसतोड कामगारांची नोंदणी नवरा-बायकोच्या जोडीने केली जाते. अशा जोडीस कोयता असे संबोधले जाते व गाळप हंगामाआधी मुकादमाकडून तिला आगाऊ रक्कम मिळते. ही रक्कम फेडेपर्यंत जोडी मुकादमाशी जखडलेली असल्यामुळे तिचे वेतन हे श्रमाचे मूल्य न राहता ऋणफेड बनते.’ संगणकाची तुलना सलग जुळणाऱ्या शब्दांवर चालते, आणि इथे ओळीने चार-पाच शब्दही जुळत नाहीत. वाचणाऱ्याला मात्र लगेच दिसते की वाक्यांची संख्या तीच आहे, माहितीचा क्रम तोच आहे आणि शेवटचे ‘हे न राहता ते’ हे वळणही तेच आहे.

इथे तळटीप नेमकी कशासाठी हवी, हे पाहण्यासारखे आहे. कोयता म्हणजे जोडी आणि उचल म्हणजे आगाऊ रक्कम, हे मराठवाड्यात कोणालाही ठाऊक आहे. ते सर्वसामान्य ज्ञान असल्याने त्याला आधार देण्याची गरज नाही. मजुरी म्हणजे कर्जाची परतफेड, हा निष्कर्ष मात्र मूळ लेखकाचा विचार आहे. संशोधकाने तो सर्वस्वी स्वतःच्या शब्दांत मांडला तरी श्रेय त्या लेखकालाच द्यावे लागते. उलट तळटीप दिली, पण मांडणी वरच्यासारखीच ठिगळांची ठेवली, तर विचाराचे ऋण मान्य होते, भाषेचे नाही. मार्गदर्शक बहुधा एवढेच सांगतात की ‘शब्द बदला, टक्के कमी होतील’. म्हणजे ठिगळ-लेखन ज्याने पकडायचे तोच ते शिकवतो, आणि याचे मला खरोखर वाईट वाटते.

टक्केवारीत एक अडचण भाषेचीही आहे. सलग चौदा शब्दांपर्यंतचे सामान्य किंवा योगायोगाचे साम्य मोजणीतून वगळावे, असे विनियम सांगतात. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. ‘विद्यापीठांमधून’ हा आपला एक शब्द असतो, पण इंग्रजीत त्याला तीन-चार शब्द लागतात. त्यामुळे मराठीतील चौदा शब्दांत इंग्रजीपेक्षा बराच जास्त मजकूर मावतो आणि सूट नकळत मोठी होते. याहून मोठी अडचण टंकलेखनाची आहे. २००९ च्या पीएच.डी. विनियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत राष्ट्रीय भांडारासाठी देणे बंधनकारक केले. त्याआधी प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात असत, आणि ज्याने दोन्ही वाचले आहेत त्यालाच साम्य दिसे. पण डीटीपी केंद्रांत मराठी प्रबंध वर्षानुवर्षे युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप झाले. अशा पीडीएफमध्ये डोळ्यांना देवनागरी दिसते, पण तिच्याखाली यंत्राला रोमन अक्षरांची निरर्थक रांग मिळते. स्कॅन केलेल्या प्रती तर केवळ चित्रे असतात. अशा प्रबंधातला मजकूर कोणी पुन्हा युनिकोडमध्ये टाइप केला, तर तुलनेला मूळ सापडतच नाही. इंग्रजी लेख मराठीत उतरवला, तरी तेच होते. मराठी प्रबंधाचा तीन टक्क्यांचा रिपोर्ट हा सचोटीचा पुरावा मानता येत नाही, तो इतकेच सांगतो की यंत्राला काही सापडले नाही.

उसन्या संदर्भांची गोष्टही याच जातीची आहे. निजामकाळावर लिहिणाऱ्याला उर्दू-फारसी दप्तर वाचता येत नसेल, तर तो एखाद्या जुन्या ग्रंथातून माहिती घेतो आणि तळटीप मात्र थेट मूळ दप्तराची देतो. ज्याने ते दप्तर प्रत्यक्ष चाळले त्याचे श्रम त्यात नाहीसे होतात. हे ओळखण्याची खूण बहुधा चुकीतच सापडते. हैदराबाद संस्थानातील फसली सन आणि इसवी सन यांत सुमारे ५९० वर्षांचे अंतर आहे, त्यामुळे फसली १३३० म्हणजे १९२०-२१. एका ग्रंथात ते चुकून १९३० छापले गेले आणि पुढे दोन प्रबंधांत तीच चूक मूळ दप्तराच्या हवाल्याने आली, तर दप्तर कोणी उघडले नाही हे निराळे सिद्ध करावे लागत नाही. ‘अमुक दप्तर, तमुक ग्रंथात उद्धृत’ एवढे लिहिले असते तर दोष राहिला नसता.

सर्वांत गुंतागुंतीची संज्ञा मात्र ‘स्व-वाङ्मयचौर्य’ हीच आहे. आपल्याच घरातली वस्तू उचलली तर ती चोरी कशी, असा प्रश्न प्राध्यापक मनापासून विचारतात, आणि तो टाकाऊ नाही. दोष मालकीचा नसून दाव्याचा आहे. जुने काम नवे म्हणून सांगितल्याने वाचकाची, संपादकाची आणि निवड समितीची दिशाभूल होते. म्हणून काही जण ‘टेक्स्ट रिसायकलिंग’, म्हणजे मजकुराचा पुनर्वापर, हा शब्द पसंत करतात. मलाही तोच अधिक नेमका वाटतो, कारण त्यात चोरी गृहीत धरलेली नाही आणि काय घडले ते तो सरळ सांगतो.

आपल्याकडे हा प्रश्न नियमांनीच वाढवला. २०१० पासून प्राध्यापकांच्या निवडीत आणि बढतीत प्रकाशनांना गुण मिळू लागले. मग प्रबंधाच्या एका प्रकरणातून शोधनिबंध, त्याच निबंधावरून दुसऱ्या चर्चासत्रातले भाषण, त्या भाषणावरून संपादित ग्रंथातील लेख आणि शेवटी सगळा प्रबंध पुस्तकरूपात, अशी साखळी तयार झाली. यातले पुस्तक रास्तच म्हणावे लागेल, प्रस्तावनेत ‘हा प्रबंध होता’ एवढी नोंद असली म्हणजे झाले. पण एकाच क्षेत्रपाहणीतले तेच तक्ते तीन ठिकाणी तीन शीर्षकांनी आले, तर वाचणाऱ्याला तीन पाहण्या झाल्या असे वाटते. पुढे कोणी या निबंधांचा एकत्रित आढावा घेतला, तर तेच शंभर मजूर त्याच्या हिशेबात तीनशे होतात.

२०१६ च्या पीएच.डी. विनियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी निदान एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे सक्तीचे होते. म्हणजे विद्यार्थ्याने आपल्याच प्रकरणातला मजकूर आधी छापायचा आणि मग प्रबंधातही घालायचा. तुलनेचे यंत्र दोन्हींतले साम्य प्रामाणिकपणे दाखवी आणि विद्यार्थी अडचणीत येई. २०१८ च्या व्याख्येत ‘दुसऱ्याचे’ असल्याने हे वाङ्मयचौर्य नव्हे, असे काही जण म्हणत, तर आकडा दहाच्या वर गेला म्हणून काही केंद्रे तोच मजकूर शब्द बदलून आणायला सांगत. माझ्या मते ही दुसरी सूचना अधिक घातक होती, कारण स्वतःचा निबंध उघडपणे नमूद करण्याऐवजी विद्यार्थी आपल्याच वाक्यांना ठिगळे लावून ते लपवायला शिकला.

एप्रिल २०२० मध्ये नियामक संस्थेने स्वतंत्र सूचना काढून ही बाब स्पष्ट केली. स्वतःचे पूर्वप्रकाशित लेखन, पूर्ण किंवा अंशतः, पुरेसा संदर्भ न देता पुन्हा वापरणे आणि शैक्षणिक लाभासाठी ते नवे म्हणून मांडणे अमान्य ठरले. तोच निबंध दुसरीकडे छापणे, मोठ्या कामातला तुकडा पूर्वीचा उल्लेख न करता प्रसिद्ध करणे, जुनी आकडेवारी सांगितल्याशिवाय पुन्हा वापरणे, एक अभ्यास तोडून अनेक लेख करणे आणि स्वतःच्याच मजकुराचे शब्दांतर करणे, हे सर्व त्यात नावानिशी आले. निवड, बढती आणि पदवी देताना अर्जदाराचे लेखन या दृष्टीने तपासावे, असेही सूचनेत आहे. सूचनेचा रोख ‘पुरेसा संदर्भ’ या दोन शब्दांवर आहे. पुनर्वापर केला एवढ्यावरून दोष लागत नाही, तो न सांगितल्याने लागतो. अनेक विभागांत मात्र तिचा अर्थ ‘आपलेही काही घेऊ नका’ असाच लावला गेला.

नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनी सादरीकरणापूर्वीच्या शोधनिबंधाची सक्ती काढली. त्यामुळे नव्या विद्यार्थ्यांपुरता तो पेच सैल झाला. आधीच्या नोंदणीचे आणि स्वेच्छेने निबंध छापणारे विद्यार्थी अजून आहेत. त्यांच्यापैकी काही जण प्रकरणाच्या पहिल्याच पानावर तळटीप देतात: या प्रकरणातील अमुक भाग अमुक साली अमुक नियतकालिकात माझ्याच नावे प्रसिद्ध झाला आहे, तक्ते तेच आहेत आणि शेवटची चर्चा नवी आहे. अशी तळटीप वाचून परीक्षकाला रिपोर्टमधला लाल रंग कुठून आला हे कळते, आणि आपण काय नवे वाचायचे आहे तेही कळते.