प्रश्न आणि उत्तर यांच्यामधले दहा सेकंद

परीक्षा तोंडावर आली होती, उजळणीचं सत्र चालू होतं आणि मी मागच्या बाकावर बसून बघत होतो. पडद्यावर प्रश्नाची स्लाइड यायची, शिकवणारे ती मोठ्याने वाचायचे आणि वाचून संपतं न संपतं तोच खाली हिरव्या अक्षरांत उत्तर उमटायचं. लगेच पुढची स्लाइड. मुलं माना डोलावत होती, काही जण उत्तर पुटपुटतही होते. सत्र संपल्यावर शेजारचा मुलगा समाधानाने म्हणाला, "जवळजवळ सगळं येत होतं मला."

त्याला खरंच येत होतं का, हे त्यालाही कळायला मार्ग नव्हता, आणि मला बोलायचंय ते त्याबद्दलच. उत्तर समोर आल्यावर "हो, हेच" असं वाटणं म्हणजे ओळख पटणं. कोऱ्या कागदावर तेच उत्तर स्वतः आणणं म्हणजे आठवणं. मेंदूच्या दृष्टीने ही दोन वेगळी कामं आहेत, आणि परीक्षेत बहुतेक वेळा दुसरं करावं लागतं. प्रश्नानंतर थांबलंच नाही, तर त्या दुसऱ्या कामाला संधीच मिळत नाही. मग ती प्रश्नमंजूषा उरत नाही, ते प्रश्नचिन्ह लावलेलं वाचन होतं.

वाचन आणि आठवणं यांतला फरक किती मोठा आहे, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये अगदी साध्या प्रयोगातून दाखवलं. विद्यार्थ्यांनी छोटे उतारे वाचले. त्यानंतर काही उतारे त्यांनी पुन्हा वाचले, तर काही उताऱ्यांतलं जेवढं आठवेल तेवढं न बघता लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचलेल्या उताऱ्यांतलं ८१ टक्के आठवलं आणि लिहून काढलेल्यांतलं ७५ टक्के. एका आठवड्याने पारडं फिरलं. पुन्हा वाचलेलं ४२ टक्क्यांवर आलं, लिहून काढलेलं ५६ टक्क्यांवर राहिलं. लिहिताना काय चुकलं, काय राहिलं हे त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं.

यातला पहिला आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पाच मिनिटांनी वाचनच जिंकतं. म्हणून तर झरझर सरकणारं सत्र संपताना इतकं भरल्यासारखं वाटतं. ती भावना खोटी नसते, फक्त तिची मुदत फार थोडी असते.

आता त्या थांबण्याच्या काळात काय घडतं ते एकाच स्लाइडवर बघू. प्रश्न असा आहे: "सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचं त्वरण किती?" पर्याय अजून दाखवलेले नाहीत. खोली शांत आहे.

"चेंडू", "वर" आणि "त्वरण" या शब्दांनी स्मृतीतले अनेक धागे एकदम हलतात. वेग, गुरुत्वाकर्षण, वर्गात काढलेली आकृती, शून्य हा आकडा, ९.८ हा आकडा. आपली स्मृती कपाटातल्या फायलींसारखी नसते. एक गोष्ट जागी झाली की तिच्याशी जोडलेल्या गोष्टीही थोड्याथोड्या जाग्या होतात, आणि मानसशास्त्रात याला सक्रियतेचा प्रसार म्हणतात. जागे झालेले धागे एकमेकांशी झगडतात. या प्रश्नात सगळ्यात जोरात पुढे येतो तो शून्य, कारण सर्वोच्च बिंदूवर वेग शून्य असतो हे सगळ्यांनी घोकलेलं असतं आणि वेग व त्वरण डोक्यात एकमेकांना चिकटून बसलेले असतात. कोणी दोनतीन सेकंदांत शून्यावर येऊन थांबतं. कोणी थोडं रेंगाळतं, "पण मग चेंडू तिथेच लटकून का राहत नाही?" असा प्रश्न स्वतःला विचारतं आणि पुढे सरकतं.

रॉबर्ट आणि एलिझाबेथ ब्यॉर्क यांनी स्मृतीच्या ताकदीचे दोन भाग कल्पिले आहेत. एक, ती गोष्ट आत्ता किती सहज आठवते. दोन, ती आत किती खोल रुजली आहे. हे दोन्ही सोबत चालतातच असं नाही. आत्ताच वाचलेलं सहज आठवतं, पण रुजलेलं नसतं. आणि त्यांच्या सिद्धांताचा गाभा असा: सहज आठवत नसलेली गोष्ट ओढून काढली, तर ती जास्त खोल रुजते. म्हणजे थांबण्यातली ती अस्वस्थ करणारी ओढाताण हाच कामाचा भाग आहे. शिकवणाऱ्याला मुलांची घालमेल बघवत नाही आणि तो उत्तर सांगून टाकतो, तेव्हा तो नेमका तोच भाग हिरावून घेतो.

यावर हमखास येणारी शंका म्हणजे, "पण उत्तर चुकलं तर? चुकीचंच पक्कं होणार नाही का?" नेट कॉर्नेल, मॅथ्यू हेज आणि रॉबर्ट ब्यॉर्क यांनी २००९ मध्ये हेच तपासलं. "देवमासा – सस्तन" अशा सैल नात्याच्या शब्दजोड्या त्यांनी घेतल्या. काही जोड्या नुसत्या १३ सेकंद बघायला दिल्या. काही जोड्यांत ८ सेकंद फक्त "देवमासा" दाखवून जोडीदार ओळखायला सांगितला आणि मग ५ सेकंद पूर्ण जोडी दाखवली. अंदाज जवळजवळ नेहमीच चुकत होते, आणि जे चुकून बरोबर आले ते हिशोबातून वगळले. तरीही नंतरच्या चाचणीत अंदाज केलेल्या जोड्याच जास्त आठवल्या. योग्य जोडी बघायला मिळालेला वेळ कमी होता, तरीसुद्धा. मला हा निकाल फार सुंदर वाटतो.

मात्र याला एक मर्यादा आहे. ज्यांचं एकमेकांशी काहीच नातं नाही अशा शब्दांच्या जोड्या घेतल्या की हा फायदा दिसेनासा होतो. जाळं आधीपासून असेल तरच ते हलतं. म्हणून कधीच न शिकवलेल्या धड्यावर प्रश्नांच्या स्लाइड दाखवून "उजळणी" होत नाही. तिथे थांबलं तर मुलं नुसती थांबलेली असतात.

मग थांबायचं किती? मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं, तेव्हा प्रश्नानंतर शिक्षक सरासरी साधारण एकच सेकंद थांबत असल्याचं दिसलं. तो अवधी तीन सेकंदांच्या वर नेल्यावर मुलांची उत्तरं लांबली, आपणहून बोलणारी मुलं वाढली आणि "माहीत नाही" म्हणणं कमी झालं. तोंडी प्रश्नासाठी तीन सेकंद ठीक आहेत, पण स्लाइडवरचा प्रश्न आधी वाचावा लागतो. मी स्वतः प्रश्न मनात एकदा सावकाश वाचून घेतो आणि त्यानंतर दहा मोजतो. चेंडूच्या प्रश्नासारखा विचार लागणारा प्रश्न असेल तर वीस. समोर उभं राहिल्यावर दहा सेकंद भयंकर लांब वाटतात, म्हणून मनातल्या घड्याळावर विसंबू नये, खरंच मोजावं.

एवढं थांबूनही सत्र फसतं ते बहुतेक दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे पहिल्या बाकावरून कोणीतरी उत्तर ओरडतं. त्या क्षणी बाकी सगळ्यांचं शोधणं थांबतं आणि थांबण्याचा लाभ एकट्या ओरडणाऱ्याला मिळतो. त्यावर उपाय म्हणजे बोलायचं नाही, वहीत एक शब्द किंवा आकडा लिहायचा आणि शेजारी आपली खात्री मांडायची, पक्की असेल तर दोन टिंबं, नसेल तर एक. लिहिण्याचा आणखी एक फायदा आहे. मनातल्या मनात अर्धवट आठवलेलं उत्तर पडद्यावर आलं की "मी हेच म्हणणार होतो" असं प्रामाणिकपणे वाटतं. वहीतला शब्द तसं वाटू देत नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे पर्याय. प्रश्नासोबतच चार पर्याय दाखवले की आठवण्याचं काम लगेच ओळखण्याचं होतं. शिवाय रोडिगर आणि एलिझाबेथ मार्श यांनी २००५ मध्ये दाखवलं की बहुपर्यायी चाचणीतले चुकीचे पर्याय नंतर खरं उत्तर म्हणून आठवू शकतात. त्यानंतर लगेच बरोबर उत्तर सांगितलं तर ही हानी बरीच कमी होते. तेव्हा परीक्षा बहुपर्यायी असली तरी आधी नुसता प्रश्न, मग थांबणं, मग पर्याय, पुन्हा थोडं थांबणं आणि शेवटी उत्तर, हाच क्रम मी धरतो. एका प्रश्नाला दीड मिनिट जातं. तासात दीडशे प्रश्न होत नाहीत, फार तर चाळीस होतात.

याच स्लाइडवर रंग आणि चित्रं भरून "दृश्य पद्धतीने शिकणाऱ्यां"साठी वेगळं सत्र देऊ करणारेही भेटतात. प्रत्येकाची शिकण्याची शैली वेगळी असते आणि तिच्याप्रमाणे शिकवलं की जास्त लक्षात राहतं, या समजुतीची हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये छाननी केली. तसा भरवसा देण्याइतका पुरावा त्यांना सापडला नाही. या कल्पनेवर कोणी पैसे घालवू नयेत असं मला कळकळीने वाटतं.

आता उत्तर उघडू. त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेने. वेग शून्य असला तरी तो बदलतो आहे, आणि वेग बदलण्याचा दर म्हणजेच त्वरण. हे सत्र मी घेतो तेव्हा निम्म्याहून जास्त वह्यांत शून्य असतो आणि त्यातल्या बऱ्याच शून्यांपुढे दोन टिंबं असतात. हीच मुलं मला सगळ्यात आशादायक वाटतात. ब्रॅडी बटरफिल्ड आणि जॅनेट मेटकाफ यांनी २००१ मध्ये दाखवलं की खात्रीने केलेली चूक, बरोबर उत्तर कळल्यावर, डळमळीत चुकीपेक्षा जास्त चांगली सुधारते. अपेक्षेला धक्का बसला की लक्ष खाडकन तिकडे वळतं. म्हणून उत्तर उघडल्यावरही पाच सेकंद थांबायचं, कारण त्या धक्क्याला वहीत उतरायला जागा लागते. फक्त "पर्याय क" एवढं दाखवून पुढे गेलं तर धक्का बसतो, पण कारण हाती लागत नाही.

पण जुनी चूक मेलेली नसते. आठवड्याभराने नवं उत्तर विस्मरणात गेलं असेल, तर तीच खात्रीची चूक पुन्हा डोकं वर काढते, हेही प्रयोगांत दिसलं आहे. त्यामुळे दोन टिंबांचे शून्य मी वेगळे नोंदवून ठेवतो आणि तो प्रश्न पुढच्या आठवड्यात दुसऱ्या रूपात आणतो. पडद्यावर लंबकाचं चित्र असतं, गोळा एका टोकाला पोचून क्षणभर थांबलेला. वेग शून्य. त्वरण शून्य आहे का? मग मी गप्प बसून दहा मोजतो आणि वह्यांवरून चालणारी पेनं बघतो. ज्याने मागच्या वेळी दोन टिंबं देऊन शून्य लिहिला होता त्याचं पेन आधी "हो" कडे जातं, मध्येच थांबतं, आणि तो खोडतो.