‘लग्न झालं की थांबेल’: पाळीच्या दुखण्यावरच्या एका सल्ल्याची पार्श्वभूमी

पाळीत पोट धरून बसलेल्या मुलीला घरात, शेजारी आणि कधी कधी दवाखान्यातही एकच उत्तर मिळतं. लग्न होऊ दे, एक मूल होऊ दे, आपोआप थांबेल. हा सल्ला निव्वळ अडाणीपणातून आलेला नाही, म्हणूनच तो इतका चिवट आहे. त्यात दोन वेगवेगळ्या दुखण्यांबद्दलच्या अर्ध्या खऱ्या गोष्टी एकत्र कालवल्या गेल्या आहेत.

पहिलं दुखणं नेहमीचं. पाळी सुरू झाल्यावर सुरुवातीचे काही महिने मुलींना बहुधा फारसं दुखत नाही, कारण तेव्हा दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही. ते सुटू लागलं की कळा सुरू होतात. कारण बराच काळ कळत नव्हतं, आणि बायकांच्या नाजूक मनावर खापर फोडणारे डॉक्टर विसाव्या शतकातही कमी नव्हते. 1957 मध्ये ब्रिटनमधले शरीरशास्त्रज्ञ व्ही. आर. पिकल्स यांनी पाळीच्या स्रावातच स्नायू आवळणारा पदार्थ असल्याचं दाखवलं. पुढे तो पदार्थ प्रोस्टाग्लँडिन असल्याचं स्पष्ट झालं. पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन उतरतं, गर्भाशयाचं अस्तर सुटू लागतं आणि त्यातून हे रसायन बाहेर पडतं. गर्भाशय जोरात आवळलं जातं, त्याच्या स्नायूचा रक्तपुरवठा क्षणभर तुटतो आणि कळ येते. हेच रसायन आतड्यांनाही ढवळतं, म्हणून त्या दिवशी मळमळतं, जुलाब होतात. 1971 मध्ये ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत हे सिद्ध केलं. त्याच गटातली मेफेनॅमिक ॲसिडची गोळी पाळीत का लागू पडते, याचं उत्तर तिथे मिळालं. हे दुखणं स्राव सुरू होताना किंवा त्याआधी काही तास येतं, दोन-तीन दिवसांत ओसरतं, आणि वय वाढलं, बाळंतपण झालं की अनेकींचं खरोखरच कमी होतं. सल्ल्यातला पहिला अर्धा खरेपणा हा.

दुसऱ्या दुखण्याची गोष्ट न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी शहरात घडली. तिथले स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन मुद्दाम पाळीच्या दिवसांत शस्त्रक्रिया करून पाहत. काही बायकांच्या बीजनलिकांतून रक्त उलटं पोटात ठिबकताना त्यांना दिसलं. बीजांडकोशावर जुन्या, घट्ट, तपकिरी रक्ताने भरलेल्या गाठी होत्या; 1921 मध्ये त्यांनी त्यांचं वर्णन ‘चॉकलेट सिस्ट’ असं केलं. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती उलट्या रक्ताबरोबर पोटात जाऊन रुजते, असा सिद्धान्त त्यांनी 1927 मध्ये सविस्तर मांडला, आणि एंडोमेट्रिओसिस हे नाव रूढ केलं. सिद्धान्तात एक भोक राहिलं, ते आजही पुरतं बुजलेलं नाही. पाळीचं रक्त थोडंफार उलटं जाणं बहुतेक बायकांत घडतं, मग आजार त्यातल्या थोड्याच जणींना का? आनुवंशिकता आणि प्रतिकारशक्ती यांचा त्यात वाटा दिसतो.

मग मूल होण्याचा सल्ला इथे कुठून आला? बोस्टनचे स्त्रीरोगतज्ज्ञ जो मेग्ज 1930-40च्या दशकांत सांगत होते की लग्न आणि बाळंतपण लांबवल्यामुळे हा आजार होतो. शिकलेल्या, सुस्थितीतल्या, उशिरा लग्न करणाऱ्या गोऱ्या बायकांचा आजार, असा शिक्का त्यातूनच बसला. पण त्या काळी पोट उघडल्याशिवाय आजार दिसतच नसे, आणि तज्ज्ञाकडे जाऊन एवढा शोध कोणाचा घेतला जाई? ज्यांच्याकडे पैसे होते त्यांचाच. 1976 मध्ये अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ डोनाल्ड चॅटमन यांनी कृष्णवर्णीय बायकांची दुर्बिणीने तपासणी केली, तेव्हा पाचातल्या सुमारे एकीला एंडोमेट्रिओसिस निघाला; त्यातल्या अनेकींना आधी ओटीपोटाचा जंतुसंसर्ग असल्याचं सांगितलं गेलं होतं. आजार वर्ग पाहत नव्हता, डॉक्टर पाहत होते.

गरोदरपणात पाळी थांबते, प्रोजेस्टेरॉन चढं राहतं, त्यामुळे अनेकींचं दुखणं तेवढ्यापुरतं निवतं. हा दुसरा अर्धा खरेपणा. पण पाळी परतली की ते पुष्कळदा परततं. शिवाय या आजारात काहींना दिवस राहणंच अवघड जातं, तेव्हा मूल हा उपाय सांगणं जरा क्रूरच. 1958 मध्ये अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट किस्टनर यांनी हार्मोनच्या गोळ्या सलग देऊन गरोदरपणासारखी स्थिती निर्माण करण्याचा उपाय मांडला. आजच्या डायनोजेस्टसारख्या हार्मोनच्या गोळ्यांमागचा विचारही त्याच वळणाचा आहे. त्या आजार दाबतात, मुळासकट काढत नाहीत.

हे दुखणं वर्षागणिक का वाढतं? गर्भाशयाबाहेरच्या या ऊतीभोवती दर महिन्याला दाह होतो, व्रण धरतो, आतडी आणि बीजांडकोश एकमेकांना चिकटतात. त्या जागी नव्या नसा वाढतात आणि हळूहळू मज्जासंस्थाच जास्त संवेदनशील होते. गंमत म्हणजे आतल्या आजाराचा पसारा आणि वेदना यांचं गणित जुळत नाही. बारीक ठिपके असलेली मुलगी लोळत असते आणि मोठी गाठ असलेली बाई निवांत.

एक नमुना पाहू, कोणा एकीचा नाही, पण दवाखान्यांत नेहमी दिसणारा. तेराव्या वर्षी पाळी आली. सोळाव्या वर्षी पहिल्या दिवशी कळा, एका गोळीवर भागायचं. एकविसाव्या वर्षी दुखणं पाळीच्या चार दिवस आधी सुरू होऊ लागलं, गोळी दोन तास टिकेनाशी झाली. चोविसाव्या वर्षी पाळीत शौचाला बसताना आत खोल कळ येऊ लागली. पोटावरून केलेली सोनोग्राफी नॉर्मल. लग्नानंतर संबंधांच्या वेळी आत दुखतं, हे सांगायला आणखी दोन वर्षं गेली. मग योनीमार्गातून, या आजाराची सवय असलेल्या डॉक्टरने केलेल्या सोनोग्राफीत डाव्या बीजांडकोशावर चार सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट आणि मागे आतड्याला चिकटलेलं गर्भाशय दिसलं. यात निदानाला उपयोगी पडला तो दुखण्याचा बदलता क्रम: आधी सुरू होणं, जास्त दिवस टिकणं, गोळीला न जुमानणं, शौच, लघवी किंवा संबंधांशी जोडलं जाणं. गोळीने आराम पडतो म्हणून आजार नाही, असं मात्र म्हणता येत नाही. पाळीत रक्त जास्त जाऊ लागलं असेल तर ॲडेनोमायोसिसचाही विचार करावा लागतो. तिथे अशीच ऊती गर्भाशयाच्या भिंतीत शिरलेली असते.

ती पहिली नॉर्मल सोनोग्राफी आपल्याकडचा खास खोडा आहे. अविवाहित मुलीची तपासणी आपल्याकडे सहसा पोटावरूनच होते, आणि पोटाच्या पडद्यावरचे पसरट ठिपके तर कुठल्याच सोनोग्राफीत भरवशाने दिसत नाहीत. अशा वेळी एमआरआय उपयोगी पडतो, पण तोही ठिपके चुकवतो. रक्तातल्या सीए-125 या प्रथिनाच्या तपासणीवरून निदान ठरत नाही. तो इतर कारणांनीही वाढतो.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया केल्याशिवाय निदान पक्कं नाही, असा दंडक पुढे बरीच दशकं चालला. 2022 मध्ये युरोपीय प्रजननतज्ज्ञांच्या ईएसएचआरई या संस्थेने तो सैल केला. लक्षणं जुळत असतील तर स्कॅन निर्दोष असला तरी हार्मोनचे उपचार सुरू करता येतात, आणि स्कॅनमध्ये काही न दिसल्यास किंवा औषधांनी भागत नसल्यास दुर्बिणीचा विचार करायचा. गाठ काढल्यावरही ती पुन्हा होऊ शकते, आणि ती काढताना चांगल्या बीजांचा साठाही थोडा घटतो. म्हणून मूल हवं असलेल्या बाईने शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी ही गोष्ट डॉक्टरांशी बोलून घ्यावी लागते.