ओआयएस आणि मोठा सेन्सर: रात्रीच्या फोटोत कोण काय करतं

'या फोनला ओआयएस आहे, म्हणजे रात्रीचे फोटो हलत नाहीत.' फोन विकणारे हे सांगतात, घेणारे विश्वास ठेवतात आणि दिवाळीत अंगणातल्या मुलांचे फोटो पुसट आले की 'कॅमेराच भिकार' म्हणून मोकळे होतात. कॅमेरा भिकार नसतो. ओआयएसकडून जे काम कधीच होणार नव्हतं, त्याची अपेक्षा धरलेली असते.

ओआयएस, म्हणजे ऑप्टिकल इमेज स्टॅबिलायझेशन, कसं चालतं ते बहुतेकांना ठाऊक आहे: फोनमधला जायरोस्कोप हाताचा कंप मोजतो आणि लेन्स (काही फोनांत प्रकाश टिपणारा सेन्सरच) उलट दिशेला किंचित सरकते. जाहिरातीत ईआयएस, म्हणजे सॉफ्टवेअरने फ्रेमच्या कडा कापून चित्र स्थिर करणं, लिहिलं असेल तर ते व्हिडिओसाठी आहे, फोटोसाठी ते नाहीच असं धरून चाला. एका फ्रेममध्ये पुसट झालेली रेघ नंतर कापाकापी करून सरळ होत नाही.

सेन्सरच्या मापाबद्दल मात्र थोडं थांबायला हवं, कारण ते अपूर्णांकात लिहितात आणि लोक उलटं वाचतात. १/१.५६ इंच हा सेन्सर १/२.७६ इंचापेक्षा मोठा. छेद जितका लहान, तितका सेन्सर मोठा. दोन्ही मापांचे ५० मेगापिक्सेलचे सेन्सर बाजारात आहेत, म्हणून मेगापिक्सेल पाहून फोन निवडणं मला अजिबात पटत नाही. मेगापिक्सेल सारखे असतील तर पिक्सेलचं माप पाहा. वरच्या दोघांत लहान सेन्सरचा पिक्सेल ०.६४ मायक्रॉनचा असतो, मोठ्याचा १ मायक्रॉनचा. दोन्हींचे वर्ग करून भागाकार केला की क्षेत्रफळातला फरक निघतो, सुमारे २.४ पट. लेन्सचा एफ-आकडा, म्हणजे तिचं तोंड किती उघडं आहे ते माप, सारखा असेल तर मोठा सेन्सर तेवढ्याच वेळात २.४ पट प्रकाश गोळा करतो.

आता मुख्य घोळ. रात्री फोटो उजळ करायला प्रकाश जास्त हवा, आणि तो दोन वाटांनी मिळतो. एक तर शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, नाही तर तेवढ्याच वेळात जास्त प्रकाश गोळा करायचा. ओआयएस पहिल्या वाटेचं आहे, मोठा सेन्सर दुसऱ्या. ओआयएस एक कणही जास्तीचा प्रकाश आणत नाही. शटर लांबवलं तरी हाताचा कंप फोटोत उतरणार नाही, एवढीच सोय ते करतं. त्या लांबलेल्या वेळात समोरचा माणूस हलला तर तो पुसटच येणार, कारण त्याच्या हालचालीची जायरोस्कोपला काही खबरच नसते.

उदाहरण घेऊ. अंगणात एक मुलगी वाकून पणत्या लावते आहे. तिचा हात सेकंदाला २० सेंटिमीटर सरकतो, म्हणजे अगदी सावकाश. समजा लहान सेन्सरला पुरेशा उजळ फ्रेमसाठी १/१० सेकंद लागतो. तेवढ्यात हात २ सेंटिमीटर सरकतो. मुलीचं बोट सेंटिमीटरभर रुंद, म्हणजे फोटोत बोटांचा नुसता धूर दिसेल. मोठ्या सेन्सरला तेवढाच प्रकाश सुमारे १/२४ सेकंदात मिळतो आणि हात ८ मिलिमीटर सरकतो. फोटो तरीही लख्ख नाही, पण बोटं बोटांसारखी दिसतात. आता लहान सेन्सरच्या फोनला ओआयएस द्या. फोटो काढणाऱ्याचा हात स्थिर आहे असं पाहून त्याचं सॉफ्टवेअर शटर १/४ सेकंदापर्यंत नेऊ शकतं. पणत्या, रांगोळी, तुळशीवृंदावन सगळं सुरेख येईल, आणि मुलीचा हात ५ सेंटिमीटर पुसला जाईल. ओआयएसमुळे तिचा फोटो आधीपेक्षा बिघडला.

बिघाड कोणत्या जातीचा आहे हे फोटो मोठा करून लगेच कळतं. दिव्यांचे ठिपके पाहा. सगळ्या ठिपक्यांना एकाच आकाराची, एकाच दिशेची शेपटी फुटली असेल तर हात हलला आहे, तिथे ओआयएस किंवा टेकू उपयोगी पडेल. ठिपके गोल, दारावरची पाटी वाचता येते आणि फक्त माणसं पुसट असतील तर माणसं हलली आहेत. तिथे शटरचा वेळ कमी करणं किंवा उजेड वाढवणं, एवढाच उपाय आहे.

आता थांबण्याबद्दल. नाइट मोडमध्ये पडद्यावर '३ सेकंद' दिसलं की शटर सलग तीन सेकंद उघडं आहे असं समजतात. हातात धरलेला फोन सहसा तसं करत नाही. तो कमी वेळाच्या अनेक छोट्या फ्रेम घेतो, एकमेकींवर जुळवतो आणि सरासरी काढतो. १६ फ्रेमची सरासरी काढली की नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, चौथ्या भागावर येतो. गूगलच्या नाइट साइट या नाइट मोडची २०१८ मधली पद्धत अशीच होती. शटर दाबण्याआधीच हाताची आणि दृश्याची हालचाल मोजायची, हालचाल असेल तर १/१५ सेकंद किंवा त्याहून कमीच्या १५ पर्यंत फ्रेम घ्यायच्या आणि फोन ट्रायपॉडवर असेल तर एकेक सेकंदाच्या सहा.

मग छोट्या छोट्या फ्रेमच भरपूर का घेत नाहीत? कारण सेन्सर वाचताना प्रत्येक फ्रेममध्ये थोडा नॉइज नव्याने मिसळतो. फार अंधारात छोट्या फ्रेममध्ये आलेला प्रकाश त्या नॉइजखालीच दबतो आणि मग फ्रेम वाढवूनही फारसं हाती लागत नाही. म्हणून लहान सेन्सरचा, ओआयएस नसलेला फोन दोन्हीकडून अडकतो: फ्रेम लांबवता येत नाही आणि प्रकाशही कमी, त्यामुळे जास्त फ्रेम घेत बसतो. त्याच फोनमध्ये अल्ट्रावाइडवर गेलात की आणखी थांबावं लागतं, कारण तो सेन्सर बहुधा मुख्य कॅमेऱ्याहून लहान असतो आणि ओआयएसही सहसा नसतं.

थांबण्याचे दोन भाग असतात. पडद्यावरचा आकडा किंवा वर्तुळ चालू आहे तोवर फ्रेम घेतल्या जात आहेत, तेवढा वेळ फोन हलवायचा नाही. ते संपल्यावर जे फिरत राहतं ते जुळवणीचं काम, तेव्हा फोन खुशाल खाली करा. घाई पहिल्या भागात होते आणि फोटो तिथेच जातो.

माणसं टिपायची असतील तर मी नाइट मोड बंदच ठेवायला सांगेन. आयफोनमध्ये चंद्राच्या चिन्हावर टॅप करून पट्टी 'ऑफ'वर न्यायची. अँड्रॉइडमध्ये प्रो मोड असेल तर शटर १/६० सेकंद आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरच्या संवेदनशीलतेचा आकडा, १६०० पासून सुरुवात करा, मुलांची पळापळ असेल तर १/१२५. फोटो अंधारा वाटला तर आधी माणसांना दाराच्या उजेडात आणा, आयएसओ त्यानंतर वाढवा. थोडा दाणेदार फोटो चालतो, पुसलेला चेहरा कशानेच परत येत नाही. नुसती रोषणाई टिपायची असेल तर उलट करा: फोन कठड्याला टेकवा, ३ सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही. फोन पूर्ण स्थिर आहे हे कळल्यावर आयफोन ३० सेकंदांपर्यंतही वेळ देऊ करतो.

झूमबद्दल एक खुलासा. रात्री '३ एक्स' दाबल्यावर लांबचं टिपणारी टेलिफोटो लेन्सच वापरली जाते असं नाही. तिचा सेन्सर लहान असल्यामुळे बरेच फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचाच मधला भाग कापून देतात. खात्री करायची तर ३ एक्सवर असताना टेलिफोटो लेन्सवर बोट ठेवा. पडद्यावरचं चित्र तसंच राहिलं तर तुम्ही मुख्य कॅमेऱ्यानेच फोटो काढता आहात, आणि मग एक्स वाढवण्यापेक्षा दोन पावलं पुढे गेलेलं बरं.